घर हलवताना सामानाचा तक्ता: खोकं बंद आहे की नाही हे स्थितीच्या रकान्यावरून कळतच नाही

मृदुला_क

दुसऱ्या शहरात घर हलवायचं आहे, हातात तीन आठवडे आहेत. एक्सेलमध्ये तक्ता केला आहे. रकाने पाच: खोली, वस्तू, खोके क्रमांक, नाजूक (हो किंवा नाही) आणि स्थिती (पॅक किंवा बाकी). सध्या 186 ओळी आणि 31 खोकी आहेत.

अडचण अशी. खोके क्र. 14 च्या सात ओळी आहेत. त्यातल्या पाचांपुढे 'पॅक' आहे, दोघांपुढे 'बाकी'. मग खोकं 14 चं काय म्हणायचं? काल फिल्टर लावून 'पॅक' निवडलं तर 14 दिसलं, म्हणून त्याला चिकटपट्टी मारली गेली आणि दोन वस्तू बाहेरच राहिल्या. दुसरं म्हणजे, खोलीनिहाय मोजणीचं सूत्र स्वयंपाकघरासाठी 1 दाखवतंय, प्रत्यक्षात तिथल्या चाळीसच्या वर वस्तू आहेत. सूत्र हे:

```
=COUNTIF(A2:A187,"स्वयंपाकघर")
```

रानपाखरू

तीन आठवडे भरपूर झाले. आधी निम्मं सामान काढून टाका. वर्षभर न वापरलेलं सगळं एका कोपऱ्यात ठेवायचं आणि देऊन टाकायचं. खोकी मजबूत, दुहेरी पुठ्ठ्याची घ्या, पुस्तकांना लहान आणि उशा-पांघरुणांना मोठी. बबल रॅपचे फुगे वस्तूकडे तोंड करून आत ठेवायचे.

मृदुला_क

धन्यवाद, पण काय टाकायचं ते ठरून झालंय. प्रश्न तक्त्याच्या रचनेचा आहे.

अनुप

सूत्र बरोबर आहे. 'स्वयंपाकघर' हा शब्द दोन-तीन प्रकारे टाइप झाला असेल. कुठे शेवटी मोकळी जागा राहिली असेल, कुठे 'स्वयंपाक घर' असं तोडून लिहिलं असेल. ड्रॉपडाऊन लावा, प्रश्न मिटेल.

स्थितीसाठी रंग द्या. पॅक झालेली ओळ हिरवी, बाकी पिवळी. एका नजरेत कळतं, सूत्रांच्या फंदात पडायची गरज नाही.

चक्रधर

अनुप, ड्रॉपडाऊनचा सल्ला चांगला आहे, पण इथे दुखणं वेगळं वाटतंय. टाइप करण्यातल्या चुकांमुळे चाळीसचे पस्तीस होतील, बरोब्बर 1 होणार नाही. मृदुलाताई, खोलीचं नाव एकदाच लिहून खालच्या चाळीस चौकटी एकत्र जोडल्या आहेत का? `Merge & Center` करून?

मृदुला_क

हो, तसंच केलंय. छान दिसतं म्हणून.

चक्रधर

मग तेच. चौकटी जोडल्या की मजकूर फक्त सगळ्यात वरच्या चौकटीत राहतो, खालच्या एकोणचाळीस रिकाम्या होतात. डोळ्यांना सगळीकडे 'स्वयंपाकघर' दिसतं, सूत्राला एकदाच. याच कारणाने फिल्टरमध्येही त्या खोलीची एकच ओळ येईल आणि क्रमवारी लावायला गेलात तर एक्सेल जोडलेल्या चौकटींची तक्रार करून थांबेल.

दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात. आधी फाइलची प्रत काढून ठेवा. मग A2 ते A187 निवडून जोडलेल्या चौकटी मोकळ्या करा. निवड तशीच ठेवून `F5` दाबा, `Special` मध्ये जाऊन `Blanks` निवडा. आता फक्त रिकाम्या चौकटी निवडलेल्या दिसतील. `=` टाइप करा, वरच्या बाणाची कळ एकदा दाबा आणि `Ctrl+Enter` करा. प्रत्येक रिकामी चौकट आपल्या वरच्या चौकटीतलं नाव घेईल. यानंतरची पायरी लोक विसरतात: तो पूर्ण रकाना कॉपी करून तिथेच `Paste Special` मधून `Values` म्हणून चिकटवा. ते राहिलं तर चौकटींत नावाऐवजी "वरचं बघ" एवढंच सूत्र असेल, आणि पहिल्यांदा क्रमवारी बदलली की भलत्याच खोल्या येतील.

रंगाबद्दल: रंग बघायला चांगला, पण COUNTIF सारख्या सूत्राला रंग मोजता येत नाही. स्थिती शब्दांत लिहायची आणि रंग त्या शब्दावरून आपोआप यावा, `Conditional Formatting` ने. उलट करू नका.

सुलभाताई

खोलीच्या रकान्यात जुन्या घरातली खोली लिहिली आहे की नव्या घरातली? जुन्या घरात ती वस्तू कुठे होती याच्याशी उतरवणाऱ्या माणसांना काही देणंघेणं नसतं. जुन्या घराची अडगळीची खोली नव्या घरात नसेलच, मग "अडगळ" लिहिलेली सहा खोकी बैठकीच्या मधोमध येऊन बसतात. नव्या घरातल्या खोलीचं नाव लिहा आणि तेच नाव तिथल्या दाराच्या चौकटीवर कागदावर लिहून चिकटवा. "लहान बेडरूम" म्हणजे दोनातली कोणती, हे नवख्या माणसाला कळत नाही.

मृदुला_क

जुन्या घरातली लिहिली आहे. बदलते. आणि चौकटी मोकळ्या केल्यावर मोजणी 43 आली. चक्रधरदादा, मनापासून आभार. आता खोकं 14.

चक्रधर

14 ची गोष्ट मुळात अशी आहे की तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची स्थिती एकाच रकान्यात लिहिता आहात. वस्तूची स्थिती म्हणजे ती खोक्यात गेली की नाही. खोक्याची स्थिती म्हणजे ते उघडं आहे, बंद झालंय, गाडीत चढलंय की उतरलंय. वस्तू गाडीत चढत नाही, खोकं चढतं. एकाच तक्त्यात ठेवलं तर 14 चढल्यावर सात ओळी बदलाव्या लागतील, आणि घाईत पाचच बदलल्या की तक्ता सांगेल की पेले गाडीत आहेत आणि बशा घरात.

म्हणून दोन शीट करा. एकीचं नाव 'वस्तू', दुसरीचं 'खोकी'.

'वस्तू' मध्ये रकाने A ते G: खोली, वस्तू, नग, खोकं, नाजूक, जड, स्थिती. इथे स्थिती दोनच: 'बाकी' आणि 'आत'. एक ओळ म्हणजे एकाच ठिकाणी जाणारी वस्तू. आठ बशांपैकी पाच एका खोक्यात आणि तीन दुसऱ्यात गेल्या, तर ओळी दोन होतात, नग 5 आणि 3.

'खोकी' मध्ये प्रत्येक खोक्याला एकच ओळ. A मध्ये क्रमांक आणि B मध्ये नव्या घरातली खोली हाताने लिहायची. पुढचे तीन रकाने स्वतः भरायचे नाहीत:

```
C2  =MAXIFS('वस्तू'!E:E,'वस्तू'!D:D,A2)
D2  =COUNTIFS('वस्तू'!D:D,A2,'वस्तू'!G:G,"<>आत")
E2  =COUNTIFS('वस्तू'!D:D,A2,'वस्तू'!F:F,"जड")
```

नाजूक रकान्यात हो-नाहीऐवजी आकडा लिहायचा, म्हणजे C मध्ये त्या खोक्यातल्या सगळ्यात नाजूक वस्तूचा आकडा येतो, D मध्ये किती ओळी अजून बाहेर आहेत ते, E मध्ये जड ओळी किती ते. F हा स्थितीचा रकाना हाताने: उघडं, बंद, चढलं, उतरलं, रिकामं.

आता तुमची चूक आपोआप पकडली जाईल. 'खोकी' शीटवर या अटीने लाल रंग लावा:

```
=AND($F2="बंद",$D2>0)
```

14 ला पट्टी मारून 'बंद' लिहिलं, पण दोन ओळी 'बाकी' आहेत, की 14 ची ओळ लाल. चिकटपट्टी हातात घेण्याआधी D मध्ये 0 आहे का एवढंच बघायचं.

मृदुला_क

हे केलं. नाजूकमध्ये मात्र हो-नाहीच आहे. 186 पैकी 97 ओळी 'हो' निघाल्या.

अनुप

त्यात वाईट काय? प्रत्येक खोक्यावर 'नाजूक' लिहिलं की हमाल सगळीच सांभाळून उचलतील.

सुलभाताई

उलट होतं अनुप. चाळीस खोक्यांपैकी पस्तिसांवर 'नाजूक' असेल तर थप्पी लावणाऱ्याला खाली काय आणि वर काय हे ठरवायला आधारच राहत नाही. त्याला कशावर तरी काहीतरी ठेवावंच लागणार. मग तो वजनाच्या अंदाजाने ठेवतो, आणि काचेचं भरलेलं खोकं चांगलंच जड लागतं, म्हणून ते खाली जातं.

तीनच पायऱ्या ठेवा, पण प्रत्येकीचा अर्थ करायच्या कामाशी जोडा. 1 म्हणजे यावर दुसरं खोकं ठेवलं तरी चालेल. 2 म्हणजे प्रत्येक नग वेगळा गुंडाळायचा, आणि वर फक्त हलकं खोकं. 3 म्हणजे याच्यावर काहीही नाही, थप्पीत सगळ्यात वर. "महाग आहे म्हणून 3" असं करायचं नाही. जाडजूड महागडं पुस्तक 1 आहे, साधा काचेचा दिवा 3 आहे.

मृदुला_क

खोकं 14 ची पूर्ण यादी देते, कुणी आकडे तपासाल का? काचेचे पेले 6, चिनी मातीच्या बशा 8, स्टीलचे डबे 4, लाकडी चमचे 1 संच, मिक्सरची भांडी 2, भिंतीवरचं घड्याळ 1, चाकू 5. 'बाकी' आहेत ती घड्याळ आणि चाकू.

सुलभाताई

पेले 3, बशा 3, घड्याळ 3, मिक्सरची भांडी 2, बाकी सगळं 1. पण आकड्यांच्या आधी त्या खोक्याची रचना बघा. स्टीलचे डबे आणि पेले एकत्र आहेत. गाडीला हादरा बसला की डबा हलतो आणि पेल्याला फोडतो. 3 सोबत 1 असणं वाईट नाही, टॉवेल आणि उशीचे अभ्रे 1 च आहेत आणि ते पेल्यांच्या भोवती हवेतच. वाईट आहे ते 3 सोबत जड असणं. चक्रधर यांनी 'जड' हा वेगळा रकाना दिला तो त्यासाठीच असावा.

चक्रधर

बरोबर, त्यासाठीच. दुसरी अट लावा, हिला नारिंगी रंग:

```
=AND($C2=3,$E2>0)
```

डब्यांपुढे 'जड' लिहा, 14 लगेच नारिंगी होईल. डबे आणि मिक्सरची भांडी 15 मध्ये हलवा. म्हणजे 'वस्तू' शीटवर त्यांचा D बदलून 15 करायचा आणि प्रत्यक्षात खोक्यात जाईपर्यंत G मध्ये 'बाकी'. घड्याळ बैठकीत लागणार असेल तर ते 14 मध्ये घालूच नका, बैठकीच्या नाजूक खोक्यात घाला. सेल आधी काढून ठेवा. चाकू पुठ्ठ्यात गुंडाळून 15 मध्ये, कारण काचेच्या खोक्यात हात घालणारा माणूस आधीच चाचपडत असतो.

मग 14 मध्ये उरतात पेले, बशा आणि चमचे. तळाला चुरगळलेल्या कागदाचा चार बोटं थर, बशा आडव्या रचायच्या नाहीत, कडेवर उभ्या, प्रत्येक दोन बशांमध्ये कागद. पेले वर, तोंड खाली. पोकळी उरली असेल तिथे कापड कोंबा. झाकण लावल्यावर मधोमध तळहाताने दाबून बघा: आत दबलं तर आत पोकळी आहे आणि वरच्या खोक्याने ते बसेल, फुगलं तर थप्पी डगमगेल. मग खोकं हळूच हलवा. आवाज आला तर पट्टी मारू नका.

अनुप

सूत्रं मीही लावून बघतोय. खोकं 9 मध्ये आरसा आहे, मी 3 लिहिलाय, तरी C मध्ये 0 येतोय. खोके क्रमांक मजकूर म्हणून साठला असणार, त्यामुळे COUNTIFS पण चुकत असेल.

चक्रधर

D चा आकडा बरोबर येतोय ना? COUNTIFS मजकूर-14 आणि संख्या-14 यांत फरक करत नाही, दोन्ही मोजतं. VLOOKUP करतं, तिथे तुमची शंका बरोबर ठरली असती. इथे क्रमांक नाही, नाजूकचा 3 च मजकूर म्हणून साठला आहे. MAXIFS मजकूर झालेला आकडा मोजतच नाही, म्हणून 0. ओळखायची खूण: तो 3 चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसेल, खरी संख्या उजवीकडे असते. रकान्याचा प्रकार `Text` वरून `General` करा आणि आकडे पुन्हा टाइप करा, नुसता प्रकार बदलून आधीचा मजकूर संख्या होत नाही.

यातून एक नियम लक्षात ठेवा सगळ्यांनी: C मध्ये 0 दिसला तर ते खोकं "नाजूक नाही" असं समजू नका. 0 म्हणजे माहितीच नाही. नाजूक नसेल तर 1 यायला हवा.

अनुप

अगदी तेच होतं, डावीकडे चिकटलेला. दुरुस्त झालं.

रानपाखरू

क्रमांकाबद्दल सांगतो. नुसतं 14 काय लिहिता, खोलीचं अक्षर जोडा. स्वयंपाकघराला स्व-1, स्व-2, बैठकीला बै-1, बै-2. बघताक्षणी खोली कळते, तक्ता उघडायलाच नको.

चक्रधर

मी सलग क्रमांकाच्या बाजूने आहे. उतरवताना 1 ते 40 पैकी 27 दिसत नाही हे लगेच लक्षात येतं. खोलीनिहाय मालिका केली की बै-6 शेवटचं होतं की बै-7 हे आठवावं लागतं, आणि नेमकं मालिकेतलं शेवटचं खोकं हरवलं तर कुणाला पत्ताच लागत नाही. शिवाय भरताना खोली बदलली तर स्व-4 चं बै-7 करावं लागतं, मग स्व-4 ही फट कायमची संशयास्पद राहते. खोलीचं नाव खोक्यावर वेगळं लिहा ना, क्रमांकात कशाला?

सुलभाताई

पण चढवताना-उतरवताना माणूस दोन गोष्टी वाचत नाही, एकच वाचतो. खोलीचा रंग पट्टीला द्या, क्रमांक सलग ठेवा. माझं मत रानपाखरू यांच्या जवळचं आहे, पण मोजणीचा मुद्दा मला खोडता येत नाही.

दोन गोष्टी मात्र दोन्ही पद्धतींत सारख्या. क्रमांक वरच्या झाकणावर लिहू नका, थप्पीत तो झाकला जातो. लागून असलेल्या दोन बाजूंवर लिहा. आणि "14/31" असं एकूण आकड्यासह लिहू नका. शेवटच्या दिवशी एकूण बदलतोच, आणि मग अर्ध्या खोक्यांवर 31 आणि अर्ध्यांवर 38 असतं. आतल्या वस्तूंची नावंही बाहेर नकोत, त्यासाठी तक्ता आहे.

मृदुला_क

मी सलग ठेवते, पट्टीचा रंग खोलीप्रमाणे. पलंग, गादी, फ्रिज, वॉशिंग मशीन यांचं काय? ती खोक्यात जात नाहीत, म्हणून तक्त्यात घेतलीच नाहीत.

चक्रधर

घ्या, आणि त्याच मालिकेतले क्रमांक द्या. मालिकेतला क्रमांक म्हणजे गाडीत चढणारा एक नग, तो पुठ्ठ्यात असो वा नसो. गादीला 32, फ्रिजला 33, दोरीने कागद बांधायचा किंवा पट्टीवर लिहून चिकटवायचं. तसं केलं नाही तर उतरवताना "31 खोकी आली" एवढंच कळतं, खुर्ची आली का ते कळत नाही.

पलंगाचे सुटे भाग होतात, तेवढे नग आणि तेवढे क्रमांक: डोक्याकडची फळी, पायाकडची फळी, दोन बाजूच्या पट्ट्या एकत्र बांधून एक, खालच्या आडव्या फळ्या एकत्र बांधून एक. स्क्रूंची पिशवी स्वतंत्र ओळ, वस्तूच्या नावात संख्येसह: "पलंगाचे स्क्रू, 16". पिशवी पलंगाच्या फळीला चिकटवण्यापेक्षा सोबत न्यायच्या पेटीत टाका, पट्टी सुटली तर पिशवी गाडीतच राहते.

पुढून उघडणारं वॉशिंग मशीन असेल तर त्याचे वाहतुकीचे बोल्ट शोधा. मशीन नवीन आलं तेव्हा मागच्या बाजूने काढलेले लांब बोल्ट, बहुधा तीन किंवा चार. ते लावल्याशिवाय नेलं तर आतला ड्रम लोंबकळत राहतो आणि त्याच्या स्प्रिंग-दांड्यांना मार बसतो. तक्त्यात त्यांची आत्ताच ओळ करा, स्थिती 'बाकी', म्हणजे शोधाशोध तीन आठवडे आधी सुरू होईल. नव्या घरात मशीन चालू करण्याआधी ते काढायला विसरू नका.

सुलभाताई

फ्रिज उभाच न्यायचा, ही टीप 'खोकी' शीटवर G रकाना करून लिहा. आडवा न्यावाच लागला तर उतरवून काही तास उभा ठेवूनच चालू करायचा, हेही तिथेच.

रानपाखरू

चढवायच्या दिवशी फोनवरच टिक करत जा, कागद कुठे सांभाळणार?

चक्रधर

त्या दिवशी फक्त 'खोकी' शीट छापा, 186 ओळींची यादी नको. चाळीस-पंचेचाळीस ओळी एका-दोन पानांत बसतात. उजवीकडे दोन मोकळे रकाने, 'चढलं' आणि 'उतरलं'. एक माणूस गाडीच्या दाराशी उभा राहून क्रमांक वाचतो आणि खूण करतो, त्याने काहीही उचलायचं नाही. उचलायला लागला की दोन-तीन क्रमांक निसटतातच. फोनवर बोट घसरून ओळ बदलली तर कळत नाही, कागदावर खूण दिसते. संध्याकाळी कागदावरून शीट भरायची.

रानपाखरू

घसरण्याची भीती असेल तर फोनवर बाकीचे रकाने लॉक करा. मी फोनच म्हणेन. कागद पावसात भिजतो.

सुलभाताई

एक रकाना अजून सुचवते. सामानाचा विमा उतरवणार असाल तर 'कोणी भरलं' हे लिहा: स्वतः की पॅकिंगवाल्यांनी. बऱ्याच ठिकाणी मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातली फूट भरून देत नाहीत, कारण आत कसं भरलं होतं हे त्यांनी पाहिलेलं नसतं. करार सही करण्याआधी हे कलम वाचा. तसं असेल तर C मध्ये 3 असलेली खोकी त्यांच्याकडून भरून घ्या आणि 1 वाली स्वतः भरा. मोठ्या वस्तूंवर आधीपासून असलेले ओरखडे फोटोसह नोंदवा, फोटोचं नाव क्रमांकच ठेवा, 33 चा फोटो 33.

मृदुला_क

कलम बघितलं, आहे तसंच. 3 ची नऊ खोकी होतात, ती त्यांच्याकडे देते. दागिने आणि कागदपत्रं यादीत टाकू का?

सुलभाताई

सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत नको. ती गाडीत जाणारच नाहीत, तुमच्यासोबत जातील. त्यांची वेगळी वही.

मृदुला_क

शेवटचा एक प्रश्न. बंद झालेल्या खोक्यातून काही काढावं लागलं तर? आज 6 मधून चार्जर काढला.

चक्रधर

आधी 6 ची स्थिती 'उघडं' करा, मग चार्जरची ओळ 'बाकी'. परत 6 मध्येच जाणार असेल तर 'वस्तू' शीटवर D मध्ये 6 राहू द्या, म्हणजे विसरून 'बंद' लिहिलंत तर ओळ लाल होईल. परत तिथे जाणार नसेल तर D रिकामा करा. D रिकामा असलेल्या ओळी रोज रात्री एकदा फिल्टर करून बघा. गाडी यायच्या आदल्या रात्री त्या शून्य हव्यात.

मृदुला_क

आत्ता बघितलं, D रिकामा असलेल्या 11 ओळी आहेत. त्यात पडद्यांचे दांडे आहेत, दोन मीटरच्या वर लांब, कोणत्याच खोक्यात बसत नाहीत.

सुलभाताई

गालिच्यात गुंडाळा. गालिच्याला एक क्रमांक, दांड्यांच्या ओळीत तोच क्रमांक. टोकाच्या गोळ्या काढून पिशवीत, त्यांची वेगळी ओळ.